नुसते जोडलेले हात

‘व्हॉट्सॲपवरच्या एका चित्रावरून आमच्या वडिलांनी चुलतभावाशी बोलणं टाकलंय. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे सांगून थकलो. काय करावं?’

समजावणं आधी थांबवा. माझ्याकडे रत्नागिरीत असे रुसवे वरचेवर येतात. त्यातले एक तात्या, राजापूरकडचे (ओळख बदलली आहे).

पावसाआधी मूळ घर शाकारायचं होतं. मुंबईच्या पुतण्याला तात्यांनी लिहिलं, ‘यंदा खर्च बराच आहे, तुमचाही हातभार लागेल.’ उत्तरात शब्द एकही नाही, फक्त 🙏. तात्यांनी अर्थ लावला, ‘हात जोडतो, पुन्हा मागू नका.’ आंब्याच्या पेट्या थांबल्या. चिपळूणच्या बहिणीला फोन गेला, तिने पुतण्याला ‘घर विसरलास’ म्हणून फैलावर घेतलं. का, ते सांगितलंच नाही. मग तोही गप्प.

हे चिन्ह जपानी मोबाइलमधून आलं आणि २०१० साली युनिकोड या अक्षरचिन्हांच्या जागतिक यादीत दाखल झालं. तिथे त्याचं छोटं नाव नुसतं ‘जोडलेले हात’. विनंती, आभार, माफी, प्रार्थना, सगळ्याला तेच. पण ही माहिती तात्यांना देऊन उपयोग नव्हता. माणूस दुखावतो तो घटनेने नव्हे, तिच्या लावलेल्या अर्थाने, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं सूत्र मी वर्षानुवर्षं खरं ठरताना पाहिलंय. म्हणून मी अर्थाकडेच गेले.

“तात्या, त्याचा मेसेज मोठ्याने वाचा. तुम्हाला ऐकू आला त्याच आवाजात.”

“बस्स झालं, काका!” ते जवळजवळ ओरडलेच.

“आता याच गप्पा वर सरकवा. त्याचे आधीचे हात शोधा.”

पाडव्याला होते. पेट्या पोचल्या तेव्हा होते. चष्मा सावरत तात्या वर वर जात राहिले आणि एका जागी थांबले. विहिणीच्या आजारपणात पुतण्याने मदत केली होती. तिथे त्यांनी स्वतःच तीन वेळा हात जोडले होते.

“तेव्हा तुम्ही संबंध तोडत होतात?”

बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाले, “पैसे मागायची लाज वाटत होती हो. वाटलं, नाही म्हणणार.”

नकार त्यांनी मेसेज पाठवतानाच ऐकला होता. चिन्हाने त्याला फक्त जागा दिली. माझ्या मते या रुसव्यांची गाठ बहुतेकदा इथेच असते. म्हणून घरच्यांनी ‘तसं नाही त्याचं’ म्हणण्याऐवजी विचारावं, ‘तुम्हाला कशाची भीती होती?’ आणि दुखावलेल्याने ग्रुपवर नाही, थेट फोनवर बोलावं: ‘तुझं उत्तर मला कळलं नाही.’ समोरचा फोनही टाळत राहिला, तर मात्र राग खरा असू शकतो.

तात्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

“काका, मी ‘हो’च म्हटलं होतं. तुम्ही आकडा कुठे कळवलात?”

खरंच, मेसेजमध्ये रक्कम नव्हती. पुतण्यालाही मी सांगितलं, पैसे, घर, आजारपण असेल तिथे चिन्हाआधी एक वाक्य लिहायचं. आत्याबाईंसाठी मात्र तात्यांना स्वतः चिपळूणला जावं लागलं. त्यांना उगाच भांडायला लावलं होतं, ते फोनवर मिटणारं नव्हतं.