हॅशरेट पडला म्हणून एफडीचे पैसे बिटकॉइनमध्ये घालावेत का?

प्रश्न: माझी सहा लाखांची एफडी पुढच्या महिन्यात संपतेय. बिटकॉइनचा हॅशरेट पडलाय, मायनर हात टेकतायत, म्हणजे तळ आला, असं सगळे सांगतायत. निम्मे बिटकॉइन आणि निम्मे इथर घेऊन ठेवू का? मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी दोन वर्षांनी पैसे लागतील.

उत्तर: इथरचा विषय आधी मिटवून टाकू. इथर ज्या नेटवर्कचं नाणं आहे त्या इथेरियमने सप्टेंबर 2022 मध्ये मायनिंग, म्हणजे यंत्रं चालवून व्यवहार नोंदवणं आणि त्याबदल्यात नवी नाणी मिळवणं, कायमचं बंद केलं. तिथे आता मायनर नाहीत आणि हॅशरेट, म्हणजे सगळ्या मायनरच्या यंत्रांची मिळून गणनाशक्ती, तोही नाही. त्यामुळे या कारणासाठी निम्मे पैसे इथरमध्ये घालण्याला काही आधारच उरत नाही.

आता बिटकॉइन. हॅशरेट पडणं आणि मायनर अडचणीत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा घोळ त्या एक समजल्याने होतो.

2021 च्या मे-जूनमध्ये चीनने मायनिंगवर बंदी आणली. सिचुआन, शिनजियांगमधली यंत्रं धडाधड बंद झाली आणि जगाचा हॅशरेट जवळपास निम्म्यावर आला. दर दहा मिनिटांना निघणारा व्यवहारांचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, सरासरी चौदा मिनिटांनी निघू लागला. 3 जुलैला नेटवर्कने डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक काढणं किती अवघड आहे ती पातळी, सुमारे 28 टक्क्यांनी कमी केली. एवढी मोठी कपात त्याआधी कधीच झाली नव्हती. पण चीनबाहेरच्या मायनरचं काय झालं? स्पर्धक निम्मे झाले आणि रोजची नवी नाणी तेवढीच राहिली, म्हणून त्यांची कमाई वाढली. हॅशरेट कोसळला होता, पण उरलेल्यांना ताण नव्हता.

2022 मध्ये नेमकं उलटं घडलं. भाव पडत होता, वीज महाग झाली होती, तरी आधी ऑर्डर दिलेली नवी यंत्रं येऊन जोडली जात होती. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत हॅशरेट विक्रमी पातळीवर होता आणि डिसेंबरमध्ये कोअर सायंटिफिक या अमेरिकेतल्या बड्या मायनिंग कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून नुसता हॅशरेटचा आलेख न बघता मायनरला एका युनिट हॅशपॉवरमागे दिवसाला किती डॉलर मिळतात ते बघा. त्याला हॅशप्राइस म्हणतात.

आकडा नीट वाचणंही गरजेचं आहे. हॅशरेट कुणी थेट मोजत नाही. ब्लॉक किती वेळात निघाले यावरून त्याचा अंदाज बांधतात. दिवसाला सुमारे 144 ब्लॉक निघतात, त्यामुळे निव्वळ योगायोगाने हा आकडा एका दिवसात आठ-दहा टक्के इकडेतिकडे होतो. टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली की तिथले मायनर ग्रिडसाठी वीज सोडतात, तेव्हाही काही दिवस मोठा खड्डा दिसतो आणि भरून येतो. एका दिवसाच्या घसरणीवरून काहीच ठरवू नका. डिफिकल्टी दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी बदलते. ती लागोपाठ दोन-तीन वेळा खाली आली आणि हॅशप्राइसही पडलेली असेल, तरच मायनर खरोखर यंत्रं बंद करतायत असं म्हणता येईल.

असा खरा ताण असला तरी त्यावर खरेदी करणं किती अवघड आहे ते बघा. 2022 च्या जून-जुलैत डिफिकल्टी लागोपाठ तीनदा खाली आली. ऑगस्टमध्ये हॅशरेटची 30 दिवसांची सरासरी 60 दिवसांच्या सरासरीच्या वर गेली. या इंडिकेटरला हॅश रिबन म्हणतात, आणि त्याच्या नियमाने ही खरेदीची खूण होती. समजा तेव्हा 23,000 डॉलरच्या आसपास तुम्ही सहा लाख घातले असते. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे बडं क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं, भाव 16,000 च्या खाली गेला आणि तुमच्याकडे जेमतेम चार लाख उरले असते. मार्च 2024 मध्ये भावाने 70,000 ओलांडले, हेही खरं. पण कॉलेजची फी भरायची तारीख नोव्हेंबर 2022 मध्ये आली असती तर पुढच्या तेजीचा तुम्हाला उपयोग शून्य होता.

शिवाय या खुणेचं वजनही घटत चाललंय. एप्रिल 2024 मध्ये हाविंग झालं, म्हणजे दर ब्लॉकमागे मिळणारी नवी नाणी निम्मी झाली, त्यानंतर मायनरना दिवसाला जेमतेम 450 नवी नाणी मिळतात. 2013 मध्ये 3,600 मिळायची. आता बिटकॉइन ईटीएफमधली एका दिवसाची आवकजावक अनेकदा याहून मोठी असते. मायनरच्या विक्रीने बाजार हलतो, हे गृहीत धरू नका.

करही विसरू नका. नफ्यावर 30 टक्के आणि त्यावर सेस, विकताना 1 टक्का टीडीएस. तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

एफडी दोन वर्षांसाठी पुन्हा करा, मुदत फीच्या तारखेच्या महिनाभर आधी संपेल अशी बघून. बिटकॉइन घ्यायचंच असेल तर दरमहा घरखर्च आणि एसआयपी भागून जे उरतं त्यातले हजार-दोन हजार घाला, तेही चार-पाच वर्षं हात लावायची वेळ येणार नसेल तरच.