नेवरी कुणाला मिळाली?

“मॅडम, आमच्या घरात कुणी हात उचलत नाही. तरी चवथीहून आल्यापासून माझा पाच वर्षांचा मुलगा लाथा झाडतो. याला हे शिकवलं कुणी?” (फोंड्याहून आलेली आई. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी विचारलं, लाथ मारताना तो काय बोलतो? “आत्ताच्या आत्ता!” आणि लाथ बसते ती पाटाला किंवा स्टुलाला, माणसाला नाही. राग आलेलं मूल कसंही हातपाय झाडतं. दरवेळी तेच शब्द आणि तीच लाथ असेल, तर ते बहुधा कुठेतरी पाहिलेलं असतं.

आईला आठवलं. मूळ घरी माटोळीखाली सगळे जमले होते. नैवेद्य व्हायचा होता आणि अकरा वर्षांच्या चुलतभावाला नेवरी हवी होती. त्याने पाट लाथेने उडवला, ओरडला. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून आजीने गुपचूप नेवरी त्याच्या हातावर ठेवली. आमचे चिरंजीव खांबाला टेकून सगळं बघत होते. त्यांना स्वतःला काहीच मिळालं नव्हतं, पण दादाला मिळालेलं त्यांनी पाहिलं आणि तेवढं पुरलं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६५ साली नेमकं हेच तपासलं. मुलांना एक फिल्म दाखवली. तिच्यात एक मोठा माणूस फुगवलेल्या बाहुल्याला बडवतो. काही मुलांच्या फिल्ममध्ये शेवटी त्याला खाऊ नि शाबासकी मिळाली, काहींच्यात ओरडा नि मार, आणि काहींच्यात काहीच घडलं नाही. मार खाल्लेला पाहणाऱ्या मुलांनी नंतर नक्कल सर्वांत कमी केली. पण ‘त्याने काय केलं ते करून दाखव, बक्षीस देतो’ म्हटल्यावर त्यांनीही जवळजवळ तितकंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. बाहुला मात्र बडवण्यासाठीच बनवलेला, तेव्हा या प्रयोगावरून मूल पुढे गुंड होईल असा अर्थ काढू नये.

आईला दोन आठवडे वही ठेवायला सांगितलं: लाथ कधी, आणि त्यानंतर लगेच काय झालं. नऊ नोंदी झाल्या. सहा वेळा हवं ते मिळालं होतं, बहुधा मोबाईल. दोनदा बाबांनी चापट मारली होती. “घरात कुणी हात उचलत नाही” हे वाक्य तिथेच गळालं! बाबांना मी स्पष्ट सांगितलं, चापट हा त्याच्यासाठी आणखी एक धडा आहे: मोठा माणूस हात उगारतो आणि त्याचं काम होतं.

मग ठरलं की लाथेनंतर काहीही द्यायचं नाही, मोबाईलही नाही आणि भाषणही नाही. दिवाळीला तोच दादा फोंड्याला येणार होता. त्याला विश्वासात घेतलं. फोव मागायचे ते धाकट्यासमोर, तोंडाने, आणि आजीने लगेच द्यायचे. दादाने ते जरा नाटकीच केलं. चाललं.

पहिल्या आठवड्यात लाथा वाढल्या, तशा त्या कधीकधी वाढतात. महिन्याभराने आठवड्यात एखादी. शेवटच्या भेटीत माझ्याकडच्या बाहुल्यांशी खेळताना त्याने एकीच्या पायाने डबा उडवला. “आत्ताच्या आत्ता!” आईचा चेहरा पडला. मी तिला थांबायची खूण केली. त्याने दुसरी बाहुली उचलली आणि आजीच्या आवाजात म्हणाला, “ना रे बाळा, अशी नेवरी मिळत नाही.”