'पाणी सोडणे' म्हणजे वावरात पाणी देणे, हे उत्तर चूक का ठरलं?

"मॅडम, माझी पोरगी आठवीत आहे. मराठीच्या पेपरात 'पाणी सोडणे' या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला होता. तिनं लिहिलं, 'वावराला पाणी देणे', आणि वाक्य केलं, 'बाबांनी कपाशीवर पाणी सोडले.' दोनपैकी शून्य मिळाले. आमच्या घरी रोज हेच बोलतात, मग चूक कशी? आता ती म्हणते, आपल्या घरची मराठी खोटी आहे. घरात मराठी बोलायलाच लाजते." – एक वडील, यवतमाळ जिल्हा

तुमच्या घरची मराठी खोटी नाही, आणि बाईंनी दिलेलं शून्यही बरोबर आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मुलीला पटलं तर तिची लाज आपोआप उतरेल. नुसतं 'पुढच्या वेळी पाठ कर' म्हटल्यानं ती उतरणार नाही.

तिची उत्तरपत्रिका बारकाईनं पाहिली. वाक्प्रचार चार होते. 'कंबर कसणे' आणि 'डोळे पाणावणे' यांचे अर्थ तिनं नेमके लिहिले, वाक्यंही चांगली केली. चुकले ते 'पाणी सोडणे' आणि 'वेसण घालणे'. दुसऱ्याचा अर्थ तिनं 'बैलाच्या नाकात दोरी घालणे' असा दिला होता. म्हणजे जी कामं तिनं घरी डोळ्यांनी पाहिली आहेत, तिथंच ती अडखळली. शहरातल्या ज्या मुलानं येसण कधी पाहिली नाही, त्याच्यापुढे शब्दशः अर्थ उभाच राहत नाही. तो थेट पाठ केलेला अर्थ लिहितो आणि गुण घेतो. तुमच्या मुलीला शब्द कमी येत नाहीत. तिच्या ओळखीचा अर्थ इतका जवळचा होता की त्याच्या मागे दुसरा अर्थ असेल, अशी शंकाच तिला आली नाही. इतकं निदान झालं की पुढचं काम सोपं आहे.

आता शून्य का, ते पाहू. प्रश्नात 'वाक्प्रचार' हा शब्द छापलेला होता, आणि निर्णय तिथंच होतो. शब्दांचा सरळ अर्थ बाजूला राहून वेगळाच अर्थ वापरानं रूढ झालेला असतो, अशाच शब्दसमूहाला वाक्प्रचार म्हणतात. त्यामुळे त्या मथळ्याखाली सरळ अर्थ लिहिला, तर तो कितीही खरा असला तरी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर होत नाही. 'पाणी सोडणे' या वाक्प्रचाराचा अर्थ आहे एखाद्या गोष्टीवरचा हक्क किंवा आशा सोडून देणे.

हा अर्थ आला कुठून, हे सांगितल्यावर मुलीचा चेहरा बदलला, म्हणून इथं थोडं थांबते. जुन्या रीतीप्रमाणे दान देताना देणारा हातावर पाणी घेऊन ते सोडतो. त्याला उदक सोडणे म्हणतात. पाणी सुटलं की त्या वस्तूवरचा देणाऱ्याचा हक्क संपला. लग्नात कन्यादानाच्या वेळी हातावरून पाण्याची धार धरतात, ते तिनं पाहिलं होतं. दानाच्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवायचीही रीत आहे. 'तुळशीपत्र ठेवणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला आणि त्याचाही अर्थ तोच, त्याग करणे. म्हणजे वाक्प्रचारातलं पाणी ओलिताचं नाहीच, ते दानाचं पाणी आहे. शब्द एकच, पण दोन वेगळ्या कामांतून आलेला.

मग तिला विचारलं, घरात असं पाणी कोणी सोडलं आहे का? थोडा विचार करून ती म्हणाली, "आत्यानं सोडलं न. वावरातला हिस्सा नको म्हणून तहसीलले सही करून आली." हे तिचं वाक्य कुठल्याही मार्गदर्शकातल्या वाक्यापेक्षा सरस आहे. पेपरात ते असं लिहायचं: 'आत्याने भावासाठी वडिलोपार्जित शेतीतल्या आपल्या हिश्श्यावर पाणी सोडले.'

इथं 'वर' या शब्दयोगी अव्ययाकडे लक्ष द्या. सगळा फरक त्याच्यात आहे. आपल्याकडे ओलिताची गोष्ट असते तेव्हा 'पऱ्हाटीले पाणी सोडलं', 'वावरात पाणी सोडलं' असं म्हणतात. पाणी जिथं जातं तिथं 'ले' किंवा 'त' लागतो, आणि प्रमाण मराठीत 'ला' किंवा 'त'. हक्क सोडायचा असतो तेव्हा मात्र 'हिश्श्यावर', 'नोकरीवर', 'पैशावर' असा 'वर' येतो. मुलीनं पेपरात भाषा शुद्ध करावी म्हणून 'कपाशीले' बदलून 'कपाशीवर' केलं. त्यामुळे तिच्या वाक्याचा अर्थ भलताच झाला: बाबांनी कपाशीची आशा सोडून दिली! वाक्य एकटं वाचलं असतं तर कदाचित बरोबर धरलं गेलं असतं. पण वरच्याच ओळीत तिनं 'वावराला पाणी देणे' असा अर्थ लिहिला होता, त्यामुळे तिच्या मनात काय होतं ते बाईंना स्पष्ट दिसलं. अशा प्रश्नात साधारणपणे एक गुण अर्थाला आणि एक उपयोगाला असतो. उपयोगही सरळ अर्थानंच झाल्यानं दोन्ही गेले.

एक गोष्ट मात्र तुम्ही बाईंना जरूर सांगा. प्रश्नपत्रिकेत नुसतं 'पाणी सोडणे' छापलं होतं. '(एखाद्या गोष्टीवर) पाणी सोडणे' असं छापलं तर शेतकऱ्यांच्या मुलांचा असा गोंधळ कमी होईल. ही रास्त सूचना आहे. पण त्या आधारावर या पेपरचे गुण वाढवून मागू नका. मथळा स्पष्ट होता. मुलीसमोर 'बाईंनाच येत नाही' असं तर अजिबात म्हणू नका. तसं म्हटलं की पुढचा वाक्प्रचारही ती आपल्याच अर्थानं लिहील.

ओळखायचं कसं, यासाठी तिच्याबरोबर एक सोपी रीत ठरवली. वाक्प्रचार दिसला की आधी स्वतःला विचारायचं, हे काम मी खरोखर हातानं करू शकते का? उत्तर 'हो' आलं तर सावध व्हायचं, कारण धोका तिथंच आहे. मग त्या कामाबद्दल साधा प्रश्न करून पाहायचा. वावरात पाणी सोडलं, तर किती वेळ सोडलं, मोटर किती वाजता चालू केली, याला उत्तर आहे. हिश्श्यावर पाणी सोडलं, तर किती पाणी, असं कोणी विचारतच नाही. जिथं असा प्रश्न बसत नाही तिथं वाक्प्रचाराचा अर्थ आहे. आणखी एक पडताळा म्हणजे शब्द बदलून पाहणं. 'वावरात पाणी सोडलं' ऐवजी 'वावरात पाणी दिलं' म्हटलं तरी काम तेच राहतं. 'हिश्श्यावर पाणी दिलं' म्हटलं की वाक्यच मोडतं. वाक्प्रचारातले शब्द असे बदलता येत नाहीत. फक्त शेवटचं क्रियापद काळ, लिंग आणि वचनाप्रमाणे बदलतं.

ही रीत 'वेसण घालणे' ला लावली तेव्हा तिनं स्वतःच उत्तर काढलं. तिला विचारलं, गोऱ्ह्याला येसण कशासाठी घालतात? "तो आवरत नाही म्हणून." मग माणसाचं काय आवरत नाही? तिनं खर्च सांगितला, मग राग, मग जीभ. वेसण घालणे म्हणजे नियंत्रणात आणणे, हे तिच्या तोंडून निघालं. 'पीक हाती येईपर्यंत बाबांनी घरखर्चाला वेसण घातली,' हे वाक्यही तिचंच. फक्त घरी 'येसण' म्हणतात, पेपरात 'वेसण' लिहायचं, एवढं तिला वेगळं सांगावं लागलं. जे काम तिला अडवत होतं तेच आता उपयोगी पडलं: सरळ काम आधी डोळ्यासमोर आणायचं, ते कशासाठी करतात ते विचारायचं, आणि तो हेतू माणसाच्या वागण्याला लावायचा. 'दावणीला बांधणे' अशा वाक्प्रचारांवर घरी असाच सराव घ्या. दिवसाला दोन पुरे आहेत. पन्नासची यादी पाठ करायला लावू नका, एका पाण्याचा अर्थ दुसऱ्या पाण्याला चिकटतो.

तसं झालंही. पुढच्या सरावात तिनं लिहिलं, 'गारपिटीने बाबांच्या मेहनतीवर पाणी सोडले.' इथं हवं होतं 'पाणी फिरवले'. कष्ट वाया घालवले तर पाणी फिरवणे. ते गारपीट करू शकते, पाऊस करू शकतो. हक्क मात्र माणूस स्वतः सोडतो, म्हणून पाणी सोडणाराही माणूसच असतो. आणि 'पाणी पाजणे' म्हणजे हरवणे: 'आमच्या शाळेच्या संघाने कबड्डीत बाजूच्या गावाला पाणी पाजले.' पाणी सोडणे, पाणी फिरवणे आणि पाणी पाजणे या तिन्हींचं एकेक बरोबर वाक्य एका कागदावर एकाखाली एक लिहून ठेवा. 'पाणी' असलेल्या वाक्प्रचारांत मुलं या तिघांत सहज चुकतात.

वाक्यात उपयोग करताना प्रसंग असा घ्यावा की वाक्प्रचार माहीत नसलेल्यालाही अर्थाचा अंदाज यावा. 'दादाने नोकरीवर पाणी सोडले' हे चालतं, पण 'आजारी आईला सांभाळायला दादाने पुण्यातल्या नोकरीवर पाणी सोडले' यात अर्थ नीट उमटतो. त्याच वाक्यात 'म्हणजे नोकरी सोडून दिली' असं पुढे जोडू नये. आणि भीतीपोटी सरळ अर्थ व वाक्प्रचाराचा अर्थ असे दोन्ही लिहू नयेत. कोणता अर्थ विद्यार्थ्याला मान्य आहे हे तपासणाऱ्याला कळत नाही.

सरळ अर्थ कुठंच लिहायचा नाही, असं मात्र तिला वाटू देऊ नका. उताऱ्यात 'बेंबळा धरणाच्या कालव्याला पाणी सोडले' असं वाक्य असेल आणि अधोरेखित शब्दांचा अर्थ विचारला असेल, तर तिथं सरळ अर्थच बरोबर आहे. तिथं हक्क सोडण्याचा अर्थ लिहिला तर तो चुकेल. म्हणून प्रश्नाचा मथळा आधी वाचायचा. 'वाक्प्रचार' असेल तर रूढ अर्थ, 'उताऱ्यातील अर्थ' असेल तर त्या वाक्यात जो बसतो तो.

बाईंना भेटायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या आणि आत्याच्या हिश्श्याचं ते वाक्य तिलाच वाचून दाखवू द्या.