कवटी सगळ्यांनी पाहिलेली आहे, साबण कुठे ठेवायचा ते सांगा

प्रश्न: जाहिरातीच्या पेपरला भीतीचं आवाहन आणि विनोदाचं आवाहन आहे, आणि ते कधी उलटतं हेही. प्रकल्प म्हणून आमच्या गटाला यवतमाळकडच्या गावांसाठी कपाशीच्या फवारणीतल्या विषबाधेवर एक पोस्टर आणि ऑटोच्या भोंग्यावरची क्लिप करायची आहे. कवटी टाकून घाबरवावं की वऱ्हाडीत हसवावं? सर म्हणतात, घाबरवल्याशिवाय गावातली माणसं ऐकत नाहीत.

उत्तर:

कवटी तर आधीच छापलेली आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, आणि त्याच्यावर कवटीसोबत 'विष' असं लिहिलेलं असतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. तेव्हाही डब्यांवर हे चौकोन होतेच. घाबरवून भागत असतं तर छापखान्यातच भागलं असतं.

दोन्ही आवाहनांतल्या फरकाचा तक्ता पुस्तकात आहे, तो तिथूनच लिहा. उलटतं कुठे, ते मात्र याच उदाहरणावर पाहू.

भीतीची जाहिरात पाहणारा माणूस मनात दोन हिशेब करतो. पहिला: हे किती वाईट आहे, आणि माझ्यावर येऊ शकतं का? दुसरा: सांगितलेला उपाय खरंच चालतो का, आणि तो मला जमेल का? किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेलं प्रारूप थोडक्यात हेच सांगतं. धोका मोठा वाटला आणि उपायही जमण्यासारखा वाटला, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो. धोका मोठा पण उपाय आवाक्याबाहेर असेल, तर तो धोक्याला सोडून स्वतःच्या भीतीचाच बंदोबस्त करतो. म्हणजे पोस्टरवरून नजर काढून घेतो, थट्टा करतो, किंवा म्हणतो, "आमच्या बुढ्यानं जिंदगीभर फवारलं, त्याले काही झालं नाही." हे वाक्य कानावर आलं की समजायचं, पोस्टरने भीती पोचवली आणि उपाय पोचवला नाही. याला लोक अडाणीपणा म्हणतात. मी त्याला पोस्टर करणाऱ्याची चूक म्हणतो.

आता तुमचं नेहमीचं पोस्टर घ्या. वर कवटी, मध्ये शेतात पडलेला माणूस, खाली मोजे, मास्क, चष्मा, टोपी, एप्रन असं सगळं घातलेला एक गोरागोमटा मॉडेल आणि ओळ: 'सुरक्षा किट वापरा, जीव वाचवा'. हे वाचतो कोण? रोजीने फवारायला गेलेला मजूर. किट विकत घेणं त्याच्या हातात नाही, ते मालकाच्या हातात आहे. फवारा ऐन दमट उन्हात चालतो, पाठीवर भरलेला पंप असतो, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली असते आणि ओली पानं छातीला घासत असतात. त्या गरमीत तो प्लॅस्टिकचा एप्रन किती वेळ अंगावर टिकेल? म्हणजे पहिल्या हिशेबात तुम्ही शंभर मार्क मिळवले आणि दुसऱ्यात भोपळा. भीती वाढवत न्याल तसं हे पोस्टर सुधारणार नाही, जास्त बिघडेल.

याच्या पुढच्या दोन गोष्टी पुस्तकात मिळणार नाहीत, त्या वहीत लिहून घ्या. आपल्याकडे 'जहाल' ही शिवी नाही, तारीफ आहे. कृषी केंद्रावर गिऱ्हाईक 'कडक औषध' मागतो. डब्याचा वास डोक्यात गेला की त्याला वाटतं, अळी नक्की मरणार. अशा माणसाला कवटी दाखवली तर तो धोका वाचत नाही, दर्जा वाचतो. तुमची भीतीची जाहिरात तिथे औषध कंपनीची जाहिरात होऊन बसते, आणि तीही फुकटात.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. या जिल्ह्यात कीटकनाशकाचा डबा आणि शेजारी पडलेला शेतकरी हे चित्र लोक फवारणीचा अपघात म्हणून पाहत नाहीत. त्यांच्या मनात आत्महत्याच येते. ज्या घरात तसं घडलं आहे त्याच्याच भिंतीवर तुम्ही ते चित्र लावून येणार का? आत्महत्येच्या बातमीत पद्धत दाखवू नये हा जागतिक आरोग्य संघटनेचा आग्रह आहे, तो इथे पोस्टरलाही लावा. डबा आणि देह एका चित्रात आणू नका. एवढं पाळलं तरी अर्धा गोंधळ टळेल.

मग भीती टाकूनच द्यायची? नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर धनुर्वाताच्या लसीबद्दल लेव्हेन्थाल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो तुमच्या उत्तरात यायलाच हवा. काहींना भीतीदायक पत्रक दिलं, काहींना सौम्य. दोन्ही गटांतल्या काही जणांना आरोग्य केंद्राचा नकाशा आणि कधी जायचं ते ठरवून घ्यायची सूचनाही दिली. नुसतं पत्रक मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लस घ्यायला गेले. नकाशा आणि सूचना मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्के गेले. त्या २८ टक्क्यांमध्ये पत्रक किती भयंकर होतं याने फारसा फरक पडला नाही. विद्यार्थ्यांना केंद्र कुठे आहे ते ठाऊकच होतं, तरी नकाशाने काम केलं. तुमच्या पोस्टरला लागतो तो असा नकाशा.

कपाशीच्या शेतात नकाशा कसा काढायचा? एकच कृती निवडा. मी तंबाखूचा खर्रा निवडेन. फवारणारा माणूस मध्येच थांबतो, पन्नी सोडतो आणि औषधाच्या हातानेच खर्रा तोंडात टाकतो. विषाचा मोठा भाग कातडीतून आणि श्वासातून अंगात जातो हे खरं, तेव्हा खर्रा हे एकमेव कारण नाही. पण ही कृती रोज घडते, मजुराच्या स्वतःच्या हातात आहे, आणि तिच्यावर उपाय एका साबणाचा आहे. पोस्टरवर शेताचा धुरा, त्यावर पाण्याची बकेट, साबण आणि शेजारी पंप काढा. ओळ अशी: 'फवाऱ्याच्या दिवशी साबण न् बकेट धुऱ्यावर ठेवजा. हात धुवजा, मंग खर्रा.' भीतीसाठी वर एकच छोटी ओळ पुरे: 'औषध हातातून पोटात जाते.' किट, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या विरुद्ध न फवारणं, नोझल तोंडाने न फुंकणं या गोष्टी मालकासाठी वेगळ्या पत्रकात घाला आणि ते पत्रक कृषी केंद्राच्या गल्ल्यावर ठेवा. पैसे काढताना मालक तिथेच उभा असतो, आणि हातमोजेही तिथल्याच फळीवर असतात. तिथे जरा जास्त भीती चालते, कारण उपाय हाताच्या अंतरावर आहे.

आता विनोद. विनोदाने गांभीर्य जातं असं म्हणतात. जातं, पण लेखक आळशी असेल तर. फवारणीवरची आळशी क्लिप कशी असते? गणप्या नावाचा कोणी येडपट, औषध लागून चक्कर येते, तो तमाशातल्यासारखा गोल फिरतो, मागे ढोलकी. ज्या गावात खरंच कोणी तसं चक्कर येऊन पडलं आहे, तिथे ही क्लिप वाजवणाऱ्या ऑटोवाल्याला लोक चहा पाजणार नाहीत. विनोदात हसायचं कोणाला हे आधी ठरवा. बळी पडलेल्याला हसलात की संपलं. हसायचं ते सबबीला.

विनोद उलटण्याची दुसरी तऱ्हा जास्त फसवी असते, कारण ती यशासारखी दिसते. लोक हसतात, क्लिप मोबाईलवर फिरते, आणि सांगायचं काय होतं ते कोणालाच आठवत नाही. धंद्यात याला व्हॅम्पायर इफेक्ट म्हणतात. चुटका निरोपाचं रक्त पिऊन टाकतो. उपाय एकच: ज्या वाक्यावर हशा येतो, त्याच वाक्यात कृती असली पाहिजे. उदाहरणार्थ, संध्याकाळी नवरा फवारून आला आहे, दार आतून बंद.

"कोन हाय?"
"मी हाय ना व!"
"वास तं डब्ब्याचा येते. डब्बा भाएर ठेवा, साबन घ्या, आंगोय करा. मंग तुम्ही या."

यातून साबण काढून पाहा, विनोद मरतो. म्हणजे जोड घट्ट आहे. 'आंगोय' शब्दाकडेही लक्ष द्या. इथली बाई 'आंघोळ' म्हणणार नाही. स्टुडिओतल्या कलाकाराने 'ळ' स्वच्छ उच्चारला आणि दोन ठिकाणी 'बे' टाकला, की ऐकणाऱ्याला कळतं, कोणीतरी आपली नक्कल करतंय. मग ते क्लिपवर हसतात, तुमच्या हिशोबाने नाही. आवाज गावातल्याच बाईचा घ्या. भंडारा-गोंदियाकडे नेणार असाल तर तिथल्या बोलीत नव्याने लिहा.

चुटका लवकर शिळाही होतो. ऑटो एका गावात दिवसभर फिरला तर तिसऱ्या फेरीला हसू नाही, वैताग येतो. तीन-चार वेगळे प्रसंग करा, शेवट साबणावरच.

छापण्याआधी दहा जणांवर तपासा, त्यातले निम्मे तरी स्वतः फवारणारे हवेत. दाखवा आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी विचारा: काय होतं त्यात? उद्या फवारा असला तर काय करशील? काय नाही जमणार? पहिल्याला चुटका सांगितला आणि दुसऱ्याला मान खाजवली, तर विनोदाने निरोप खाल्ला. पहिल्याला 'मेलेला माणूस' सांगितलं आणि तिसऱ्याला 'आपल्याले काय होते बे' आलं, तर भीती उलटली. "पोस्टर आवडलं का" हे विचारू नका, पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही.

सरांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. जॅनिस आणि फेशबॅक यांच्या १९५३ च्या दातांच्या निगेवरच्या प्रयोगात सगळ्यात भयंकर व्याख्यानाचा परिणाम सगळ्यात कमी झाला होता, आणि विद्यार्थी त्यावरून 'भीती वाईट' असं लिहून मोकळे होतात. पुढच्या अनेक अभ्यासांत सोप्या उपायाच्या जोडीने भीती चालली आहे. लेव्हेन्थालच्या प्रयोगातही भीतीचं कुठलंच पत्रक न देता नुसत्या सूचनेने काम झालं नाही. सरांचं चुकतं ते 'गावातली माणसं' म्हणण्यात. येलची पोरंही नकाशाशिवाय गेली नव्हती.

पोस्टरच्या तळाशी एक पट्टी मात्र कोरडी ठेवा, तिथे ना कवटी ना चुटका: 'चक्कर, उलटी, डोळ्यापुढे अंधारी आली तर फवारा थांबवा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. डब्याचं लेबल दवाखान्यात सोबत न्या.' अक्षर मोठं ठेवा, फवारणाऱ्याच्या डोळ्यांत तेव्हा पाणी असतं.