‘प्रोबेशननंतर बघू’ म्हणजे नेमके केव्हा?

ताई, मी कोल्हापुरात राहते. यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केले आणि कागल एमआयडीसीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात माझी निवड झाली. ऑफर लेटरमध्ये वार्षिक सीटीसी 3,36,000 रुपये आहे, 6 ऑक्टोबरला रुजू व्हायचे आहे आणि सहा महिने प्रोबेशन आहे. वर्गातल्या इतरांना मिळालेल्या पगारांशी ताडून पाहिले, तर आकडा रास्त आहे. दाजी म्हणतात, आत्ताच 3,60,000 माग, एकदा सही झाली की कोणी विचारत नाही. आई म्हणते, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, प्रोबेशन झाल्यावर बोल. 15 सप्टेंबरपर्यंत होकार कळवायचा आहे. कोणाचे ऐकू?

— एक वाचक, कोल्हापूर

बोलायचे ते सही करण्याआधीच, हे दाजींचे म्हणणे मला पटते. मात्र त्यांनी सुचवलेली मागणी तुमच्या उपयोगाची नाही.

मी बरीच वर्षे एका कारखान्याच्या कार्मिक विभागात काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे कसे दिसते ते सांगते. एकाच वर्षी घेतलेल्या नवख्या अभियंत्यांचा पगार बहुधा सर्वांना सारखाच ठरवलेला असतो, आणि एकीला 24,000 रुपये वाढवून दिले तर महिन्याभरात कॅन्टीनमध्ये पगारपत्रके शेजारी-शेजारी येतात आणि उरलेले सगळे एचआरच्या दारात उभे राहतात. म्हणून तुमच्याशी फोनवर बोलणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात तो आकडा सहसा नसतोच. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचे जास्त पगाराचे लेखी पत्र असते, तर मी नक्की मागा म्हटले असते. ते नसताना, आणि देऊ केलेली रक्कम रास्त आहे असे तुम्हीच म्हणत असताना, मागणीला आधार काय देणार?

आता आईंच्या सल्ल्याकडे वळते, कारण खरी मेख तिथे आहे. प्रोबेशन संपले की ‘कन्फर्मेशन’ होते. कन्फर्मेशन म्हणजे नोकरी कायम झाल्याचे पत्र, पगारवाढीचे नव्हे. पगारवाढ बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये एकदाच होते आणि अनेक कंपन्यांचा नियम असा असतो, की 30 सप्टेंबरपर्यंत रुजू झालेलेच पुढच्या एप्रिलच्या वाढीस पात्र. तुमच्या कंपनीत हा नियम असेल, तर 6 ऑक्टोबर ही तारीख तुम्हाला अवघ्या सहा दिवसांनी बाहेर ठेवते. प्रोबेशन 5 एप्रिलला संपेल, तुम्ही मोठ्या आशेने साहेबांकडे जाल आणि ते खरेपणानेच सांगतील, की या वर्षीच्या याद्या गेल्या. म्हणजे पहिली वाढ त्यापुढच्या एप्रिलमध्ये, रुजू झाल्यापासून जवळजवळ अठरा महिन्यांनी. वाढ 8 टक्के धरली, तर 28,000 वर महिन्याला 2,240 रुपये होतात, वर्षाचे 26,880. दाजी जी रक्कम मागायला सांगत आहेत, त्याहून हे अधिकच आहे, आणि तारखेच्या एका ओळीवर अडले आहे.

शिवाय कायम झाल्यावर तुमची बाजू बळकट होत नाही. प्रोबेशनमध्ये नोटीस पिरियड बहुधा पंधरा दिवसांचा किंवा महिन्याचा असतो, तो पुढे दोन-तीन महिन्यांचा होतो, आणि एवढ्या कमी अनुभवाच्या उमेदवारासाठी दुसरी कंपनी तितके थांबत नाही. आमच्याकडे एका मुलाला विभागप्रमुखांनी “सहा महिन्यांनी बघू, तुझे करून देतो” असे तोंडी सांगितले होते. ते साहेब पाचव्या महिन्यात नोकरी सोडून गेले. मुलगा माझ्यासमोर कन्फर्मेशनचे पत्र घेऊन बसला होता आणि “अन्य सर्व अटी पूर्वीप्रमाणेच राहतील” या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, हे असे कसे, एवढेच विचारत होता. माझ्याकडे त्याला दाखवायला एकही कागद नव्हता.

म्हणून होकार कळवण्याआधी एचआरला एक फोन करा आणि आधी विचारा, की एप्रिलच्या वाढीसाठी रुजू होण्याची शेवटची तारीख कोणती. ती 30 सप्टेंबर असेल, तर 29 तारखेला रुजू होता येईल का, असे विचारा. त्यांना माणूस हवाच असतो आणि तारीख बदलणे पगार बदलण्यापेक्षा फार सोपे असते. सर्वांचे प्रशिक्षण 6 तारखेलाच सुरू होणार असल्याने ते जमत नसेल, तर पुढच्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांच्या प्रमाणात वाढ मिळावी, अशी विनंती करा. वरच्याच हिशेबाने ती 4 टक्के, म्हणजे महिन्याला 1,120 रुपये होईल.

त्याच फोनमध्ये पगाराची फोड मागून घ्या. दरमहा 28,000 म्हणजे हातात 28,000 नव्हेत. उदाहरणादाखल फोड अशी धरा: बेसिक 14,000, कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,680, ग्रॅच्युइटीची तरतूद 673, जी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षांनंतरच मिळते, आणि 2,800 रुपये ‘व्हेरिएबल’. उरलेले 8,847 घरभाडे व इतर भत्ते. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल बाजूला काढले की 22,847 राहतात, त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,680 गेला की खात्यावर 21,167 येतात. (महाराष्ट्रात महिलांना दरमहा 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, तुमच्या जागी मुलगा असता तर आणखी 200 गेले असते.) कंपनीची बस आणि कॅन्टीन यांची कपात वेगळी. यात विचारायचे ते एवढेच, की व्हेरिएबल प्रोबेशनमध्ये मिळते का. काही कंपन्या ते कायम झालेल्यांनाच देतात, आणि सहा महिन्यांचे ते 16,800 रुपये होतात.

फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने कळवा. तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण आशय असा ठेवा: “आज दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार, मी 29 सप्टेंबरला रुजू होईन आणि पुढील एप्रिलच्या वेतनवाढीस पात्र असेन, असे मी समजते. कृपया तसा उल्लेख असलेले सुधारित पत्र पाठवावे, म्हणजे मी लगेच स्वीकृती कळवते.” सुधारित पत्र शक्य नसेल, तर ईमेलचे “होय” हे उत्तरही चालेल, मात्र ते एचआरच्या अधिकृत पत्त्यावरून आलेले असावे, व्हॉट्सॲपवरचा अंगठा नको. या क्रमाने गेलात, तर एवढ्या विचारण्याने कोणी ऑफर मागे घेईल अशी भीती बाळगू नका. आधी होकार देऊन मग अटी काढणे मात्र एचआरला खटकते, आणि ते मला रास्त वाटते.

दोन्ही गोष्टींना नकार आला, तरी नोकरी घ्याच, कारण पगार रास्त आहे. फक्त मग 5 एप्रिलकडे डोळे लावून बसू नका. पहिल्या वाढीची तारीख त्यापुढचा एप्रिल समजून घरचा हिशेब 21,167 वर बसवा, आणि त्या नकाराचा ईमेलसुद्धा जपून ठेवा. मधल्या काळात साहेब बदलले, तर नव्या साहेबांना दाखवायला तोच कागद लागेल.