अर्जासोबतच्या ईमेलमध्ये काय लिहायचं?

प्रश्न: फोंड्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत सहशिक्षिकेची जागा आहे, 'नवप्रभा'त जाहिरात आलीय. अर्ज ईमेलनं मागवलाय. अर्जाचं पत्र लिहून तयार आहे, ते फाईल म्हणून जोडणार. मग ईमेलमध्ये काय लिहू? तेच पत्र परत लिहायचं का? आणि सब्जेक्टमध्ये काय घालायचं?

उत्तर: पत्र परत लिहू नका. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात अर्जांच्या छाननीला बसते, तेव्हा पलीकडच्या बाजूनं सांगते.

तुमचं पत्र अध्यक्षांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या नावे असतं, पण ईमेल आधी उघडतो तो कार्यालयातला कारकून, आणि बहुतेक वेळा मोबाईलवर. त्याला हा अर्ज कुठल्या पदाचा, कोणाचा आणि सोबत काय काय आहे, एवढंच पाहून तो योग्य गठ्ठ्यात टाकायचा असतो. तुमची पात्रता, अनुभव, मुलांना शिकवण्याची आवड हे सगळं पत्रात आहे आणि ते छाननी समिती वाचणार आहे. ईमेलमध्ये तेच पुन्हा आलं की कारकुनाला हवी असलेली माहिती त्या मजकुरात हरवते.

सब्जेक्टबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घोळ तिथंच होतो. कागदी अर्जात आपण 'विषय: सहशिक्षिका पदासाठी अर्ज सादर करण्याबाबत' असं लिहितो. पत्रात ते अगदी बरोबर आहे, तिथं राहू द्या. मात्र काही जण घाईत पदाचं नाव गाळून ईमेलवर नुसतं 'अर्ज सादर करण्याबाबत' घालतात. एकाच जाहिरातीत सहशिक्षिका, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई अशी तीन पदं असली की इनबॉक्समध्ये एकाखाली एक तसेच सब्जेक्ट दिसतात आणि प्रत्येक उघडून बघावा लागतो. मोबाईलच्या यादीत सब्जेक्टचा सुरुवातीचा भागच दिसतो, पुढचा कापला जातो. म्हणून पद आधी, मग नाव, आणि जाहिरातीचा तपशील शेवटी. समजा उमेदवाराचं नाव स्नेहा गावडे आहे, तर सब्जेक्ट असा:

> सहशिक्षिका पदासाठी अर्ज – स्नेहा गावडे – जाहिरात 12 मे

शेवट कापला गेला तरी पद आणि नाव शाबूत राहतं. जाहिरातीत 'सब्जेक्टमध्ये अमुकच लिहावे' असं सांगितलं असेल, तर माझं बाजूला ठेवून तेच अक्षरशः लिहा. जाहिरातीला क्रमांक असेल तर तारखेऐवजी तो घाला.

आता मजकूर. एवढा पुरे:

> महोदय/महोदया,
> सप्रेम नमस्कार.
> दैनिक 'नवप्रभा'च्या 12 मेच्या अंकातील जाहिरातीनुसार सहशिक्षिका (प्राथमिक) पदासाठी माझा अर्ज सोबत जोडत आहे. मी डी.एल.एड. उत्तीर्ण आहे.
> सोबत दोन फाइली आहेत: 1. अर्जाचे पत्र 2. प्रमाणपत्रांच्या प्रती (पंधरा वर्षांच्या निवासाच्या दाखल्यासह).
> आपली नम्र,
> स्नेहा गावडे
> मोबाईल: …

पात्रतेचं एक वाक्य मुद्दाम ठेवलंय. डी.एल.एड. ही किमान अट असेल तर ती पुरी होते की नाही, हे फाईल न उघडता कळतं. आणि फाइलींची नावं मोजून लिहिली की एखादी जोडायची राहिली असेल तर पाठवण्यापूर्वी तुमच्याच लक्षात येतं. पाठवल्यावर कळलं, तर कारकूनही 'दुसरी फाईल आली नाही' असं सांगू शकतो. निवासाचा दाखला जाहिरातीत मागितला असेल तरच जोडा.

पत्र पीडीएफ करूनच पाठवा. मराठीत हे जास्त महत्त्वाचं आहे: जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली वर्डची फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेला असला की अक्षर जसंच्या तसं राहतं. फाईलचं नाव मात्र रोमन लिपीत द्या, देवनागरी नाव काही ठिकाणी डाउनलोड करताना बिघडतं:

```
Sneha_Gawade_Sahashikshika_Arj.pdf
Sneha_Gawade_Pramanpatre.pdf
```

`arj final 2.pdf` असल्या नावाची फाईल डाउनलोड झाल्यावर कोणाची ते कळत नाही. प्रमाणपत्रांचे सुटे फोटो पाठवू नका, मोबाईलवर स्कॅन करून सगळ्यांची एकच पीडीएफ करा. जीमेलवर सगळ्या फाइली मिळून 25 एमबीपर्यंतच जोडता येतात. त्याहून मोठी झाली तर ड्राइव्हची लिंक जाते, आणि परवानगी दिली नसेल तर ती शाळेला उघडतच नाही. तेव्हा स्कॅन हलकं ठेवा.

शाळेचा पत्ता सगळ्यात शेवटी भरा. त्याआधी तोच ईमेल स्वतःला पाठवून मोबाईलवर दोन्ही फाइली उघडून पाहा. एवढं करूनही फाईल राहिलीच, तर नवा ईमेल न लिहिता पाठवलेल्या ईमेललाच रिप्लाय करून, पत्ता शाळेचाच आहे ना ते बघून, 'आधीच्या ईमेलसोबत प्रमाणपत्रांची फाईल राहिली होती, ती आता जोडली आहे' एवढं लिहून फाईल पाठवा. तसं केलं की दोन्ही ईमेल एकाखाली एक राहतात आणि तुमच्या नावाचे दोन वेगळे अर्ज मोजले जात नाहीत.