फॉर्म १६ए आणि २६एएस जुळत नसतील तर कंपनीकडून काय करून घ्यायचं?

"कंपनीने दिलेल्या १६ए मध्ये टीडीएस १२,००० आहे, २६एएसमध्ये ८,०००च दिसतो. अकाउंटंट म्हणतो, आम्ही चलन भरलंय. आता काय करू?"

आधी तो १६ए कुठून आला ते बघा. ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस वेबसाइटवरून काढलेल्या १६ए वर सर्टिफिकेट नंबर असतो आणि आकडे कंपनीने भरलेल्या तिमाही रिटर्नमधूनच येतात. २६एएसमध्येही तेच येतात. त्यामुळे तफावत असेल तर बहुतेक वेळा तो कागद अकाउंटंटने स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून छापलेला असतो. माझ्या लेखी त्याची किंमत शून्य.

"चलन भरलंय" हे उत्तर मला अजिबात पटत नाही. चलनाने पैसे कंपनीच्या टॅनवर, म्हणजे तिच्या टीडीएस क्रमांकावर जमा होतात. ते तुमचे आहेत हे खात्याला कळतं ते २६क्यू या तिमाही रिटर्नमधल्या तुमच्या पॅनच्या ओळीवरूनच. ती ओळ नीट भरणं कंपनीचंच काम आहे.

तुमचा हिशोब २०२४-२५ च्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचा धरू. दरमहा फी ४०,०००, १० टक्क्यांनी टीडीएस ४,०००. २६एएसमध्ये मार्चची ओळच नसेल, तर ती रिटर्नमध्ये भरायची राहिली किंवा पॅनचं एखादं अक्षर चुकलं. मार्चच्या बाबतीत हे फार होतं, कारण बिल ३१ मार्चला नोंदतात, चलन ३० एप्रिलपर्यंत जातं आणि घाईत ते जुळवणं राहतं. ओळ आहे पण स्टेटस 'U' असेल, तर रिटर्नमधला चलनाचा तपशील बँकेच्या नोंदीशी जुळलेला नाही. बँक शाखेचा बीएसआर कोड, तारीख, चलन क्रमांक किंवा रक्कम चुकली आहे.

कंपनीला फोन करू नका, ईमेल करा. बिल क्रमांक, तारीख, कापलेली रक्कम, तुमचा पॅन लिहा आणि "चौथ्या तिमाहीच्या २६क्यूचं करेक्शन स्टेटमेंट भरा" असं नेमकं मागा. त्यांना ट्रेसेसवर Defaults मध्ये Request for Correction टाकायची असते. मूळ रिटर्नचा टोकन नंबर आणि चलनाचा तपशील देऊन ते उघडतं. मग ओळ वाढवायची किंवा पॅन बदलायचा. डिजिटल सही चालू नसेल तर बरेचदा इथेच घोडं अडतं, तेव्हा "करतो" म्हणाले की सहीचं विचारा. भरल्यावर करेक्शनचा टोकन नंबर मागून घ्या. २६एएसमध्ये १२,००० दिसेपर्यंत नवा १६ए स्वीकारू नका.

कंपनी दाद देत नसेल आणि तुमच्यावर डिमांड आली, तर १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ दाखवा. कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. बिल आणि बँकेत जमा झालेले ३६,००० हा तुमचा पुरावा. मात्र हे कलम वसुली थांबवतं, रिफंड आपोआप देत नाही. त्यासाठी करेक्शनच लागतं.